सावलीला डोळे नसतात

जुना आहे मी, मधोमध शिवलेला आहे मी, खालच्या कोपऱ्यात शाईचा डाग मिरवणारा आहे मी. पण मित्रांनो, मी पडदा आहे! नुसते कापड म्हणाल तर मी रुसेन. कापड काय, कपाटात घडी होऊन पडलेले कितीतरी असते. माझ्याकडे मात्र अख्खे सेलू गाव एकटक बघत बसलेले आहे, श्वास रोखून. ती गोष्ट सांगायला मी इतका उतावीळ झालो आहे, की आधी जन्म सांगायचा असतो हेच विसरून चाललो होतो.

तर जन्म. आमच्या वर्धेकडच्या काळ्या मातीतला कापूस, सूत हाताचे आणि माग प्रेमदासचा. प्रेमदास नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आला, त्याच हिवाळ्यात त्याने मला विणले. ठोका मारताना तो गुणगुणत असे. त्याची मुलगी पंचफुला शाळेतून आली की सुताच्या कांड्या भरायला बसे आणि बापाला म्हणे, "बाबा, हे कोनाचं धोतर होय?"

"धोतर नाई व. तुह्या शाळेचा पडदा आहे."

"मंग जरासा घट्ट ठोक. आमच्या शाळेतले पोट्टे लय ओढतात."

हातमागाचा पन्हा अरुंद असतो. एवढ्याशा रुंदीत पडदा होईना, म्हणून माझे दोन तुकडे विणून मधोमध जोडले. जाड, दुहेरी शिवण. वरपासून खालपर्यंत सरळ. ही शिवण म्हणजे माझे पहिले दुःख! समारंभात मला पाहुण्यांच्या मागे टांगले की कोणीतरी हटकून म्हणायचे, "पडदा छान आहे हो, फक्त मधे ती रेघ नको होती." मला वाटे, शरमेने दांडीवरून खाली गळून पडावे.

पहिल्या वर्षी माझे फार कौतुक झाले. पुढच्या वर्षी दांडी वाकली, मग माझ्यावर शाईची दौत सांडली, मग लेझीम खेळून आलेल्या पोरांनी मला घाम पुसला. शाळेत तीन वर्षे काढली की कापड म्हातारे होते, यावर विश्वास ठेवा. शेवटी नकाशांच्या काठ्यांबरोबर मी कोपऱ्यात उभा राहिलो, धूळ खात आणि शाळेतले सगळे ऐकत.

ऐकत होतो म्हणूनच मला कळले, की त्या वर्षी स्नेहसंमेलनात मुलींचे काही होणार नाही.

कारण काय तर आवाज. आमच्या शाळेत तेव्हा कर्णा नव्हता. पटांगणात गाव जमायचे. मुली नाटक करू लागल्या, की त्यांचे बोलणे पहिल्या सतरंजीपलीकडे जात नसे. मागची पोरे लगेच ओरडायला तयार असत, "आवाज! आवाज!" मग मुली घाबरायच्या, आणखी हळू बोलायच्या, आणि पोरे आणखी जोरात ओरडायची. मागल्या वर्षी तर धुरपता नावाची मुलगी राणीच्या वेषात रडत आत पळून गेली होती.

मुख्याध्यापक महादेवराव वाईट मनाचे मुळीच नव्हते. ते म्हणाले, "मुलींनो, तुमचे हसे झालेले मला बघवत नाही. यंदा तेवढ्या वेळात मुलांचे लेझीम ठेवू."

तेव्हा कमला उभी राहिली. दहावीतली, दोन वेण्या, आणि प्रत्येक वाक्याला हात हलवणारी. "सर, आवाज जात नाही ना? मग आम्ही बोलणारच नाही! एक शब्दसुद्धा नाही!"

"म्हणजे करणार काय?"

काय करणार, हे कमलाला त्या क्षणी अजिबात ठाऊक नव्हते. मी कोपऱ्यातून तिच्याकडे बघत होतो ना, मला दिसले. पण ती ताठ मानेने म्हणाली, "ते तुम्ही बघालच, सर!"

महादेवराव हसले. म्हणाले, "आठ दिवसांनी मला करून दाखवा. पटले तर ठेवतो. नाही पटले तर लेझीम."

काय करायचे ते सुचले मात्र माझ्यामुळे! त्याच दिवशी दिवेलागणीला शिपाई डोमाजी याने मला धूळ झटकायला दोरीवर टाकले आणि मागे गॅसबत्ती पेटवून तिची जाळी तपासू लागला. एवढ्यात शाळेचे मांजर बत्तीजवळून गेले. माझ्या अंगावर त्याची सावली पडली, वाघाएवढी! मुली किंचाळल्या, मग खो खो हसल्या. कमलाने पंचफुलाचा हात धरला.

"पंचे, सावल्या! आपुन सावल्यांचं नाटक करू!"

"अन् काय दाखवाचं त्याच्यात?"

कमला म्हणाली, "एक बाई. तिचं जवळचं मानूस गेलं. तिचं दुःख दाखवू. लोकाईले बोलल्याबिगर समजलं पाह्यजे."

"अगाई," पंचफुला म्हणाली. "मांजर सोपं होतं."

पण कमलाने रात्रीत लिहून आणले. दुसऱ्या दिवशी मुली माझ्या सावलीत बसल्या आणि पंचफुला, जिला ती बाई व्हायचे होते, मोठ्याने वाचू लागली. " 'बाईला जुने दिवस आठवतात.' हे मी कोनत्या हातानं करू व, कमले?"

मुली हसल्या.

" 'तिचे काळीज तुटते. घर तिला खायला उठते.' घर कोन होनार? धुरपता?"

"मी नाई होत घर!" धुरपता ओरडली.

" 'तिच्या डोळ्यांत पाणी तरळते.' हे तरी करता येते बावा. डोयात कांदा लावतो."

कमलाचे गाल लाल झाले, पण तिने एकही ओळ खोडली नाही. वही तर सुंदरच होती हो, वाचायला. मलाही आवडली. मला तेव्हा कुठे माहीत होते की वाचायचे दुःख आणि बघायचे दुःख वेगवेगळे लिहावे लागते.

तालीम झाली. महादेवराव समोर खुर्चीवर बसले. आधी डॉक्टर आला, मग तिरडी आली, चार मुली ती खांद्यावर घेऊन गेल्या. मग पंचफुला केस सोडून आली आणि छाती बडवू लागली. ती प्रेक्षकांकडे तोंड करून उभी होती. अरे देवा! समोरून पडलेली सावली म्हणजे नुसता खांब. तिचे हात अंगाच्या सावलीतच बुडाले. ती खरोखर रडत होती, कांद्याशिवाय रडत होती, आणि माझ्यावर त्यातले टिपूससुद्धा उमटत नव्हते. सावलीला डोळे नसतात, मित्रांनो. रडणारी आणि शिंकणारी सावली सारखीच दिसते.

कमला मागून कुजबुजली, "बत्तीकडे सरक! दुःख मोठं दिसू दे!"

पंचफुला बत्तीकडे सरकली. सावली फुगली, कडा फिस्कटल्या, केसांच्या जटा दांडीपर्यंत पोचल्या. समोर महादेवरावांचा धाकटा मुलगा बसला होता. "भूत! भूत!" करून तो खुर्चीखाली घुसला, आणि डोमाजीला इतके हसू आले की त्याच्या हातून बत्तीचा पंप निसटला.

महादेवरावांनी चष्मा पुसला. "कमला, तू धडपड खूप केलीस. पण मला दुःख दिसले नाही. मला तिरडी दिसली." उठता उठता ते म्हणाले, "शनिवारी आणखी एकदा बघतो. ती शेवटची."

ते गेल्यावर मुली पांगल्या. कमला एकटीच मला गुंडाळत होती, आणि गुंडाळता गुंडाळता थांबली. तिने वही उघडली आणि पहिल्यांदाच एक ओळ खोडली. मग दुसरी. मग सगळे पान.

मला वाटले, संपले. मी परत काठ्यांमध्ये जाणार. पण दोन दिवसांनी ती शाळा भरण्याआधीच धावत आली, मागे पंचफुला. दोघी मला झटकू लागल्या आणि कमला भराभर बोलू लागली. ते मी तुम्हाला जसेच्या तसे सांगतो.

"पंचे, मी पहाटेच उठली होती. माय जात्यावर दयत होती. तुले ठाऊक आहे न, आधी माय अन् मोठीमाय दोघी मिळून दयत होत्या?"

मोठीमाय म्हणजे कमलाची थोरली काकू, सीताबाई. पोळ्याच्या आधी ती तापाने गेली. कमलाची आई अनुसयाबाई आणि ती, दोघी जावा. पण इतकी वर्षे एका जात्यावर समोरासमोर बसल्या, की शेजाऱ्यांना त्या बहिणी वाटत. मोठीमाय गेली तेव्हा सगळ्या बाया रडल्या. अनुसयाबाई रडली नाही. भाकरी केल्या, गुरांचे पाहिले, पाहुण्यांना वाढले. लोक म्हणाले, घट्ट मनाची आहे.

"मंग?" पंचफुला म्हणाली.

"मायनं खुंटा धरला होता, पन खालून. वरची जागा रिकामी. तिथं मोठीमायचा हात राह्यचा! अन् दाणे टाकाचं काम मोठीमायचं. टोपली अजून तिच्याच बाजूले ठेवली आहे, पंचे. माय ओढत राह्यली, ओढत राह्यली. जात्यातले दाणे संपले. तरी जातं फिरून राह्यलं, रिकामं. मले आवाजावरून समजलं. माय वाट पाहून राह्यली होती. कोनी मूठ टाकते का म्हनून."

पंचफुलाने माझी कड हातातून सोडली नाही. ती म्हणाली, "तू बोलली काय मग मायशी?"

"नाई. मी परत पांघरुणात शिरली."

मग दोघी जमिनीवर बसल्या आणि मित्रांनो, नवी वही लिहायला लागल्या. आता मी तुम्हाला ते सगळे सांगणार आहे, कारण त्यातली निम्मी अक्कल माझी आहे!

कमलाने पानाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत रेघ मारली. "ही पडद्याची शिवन," ती म्हणाली. "जातं बरोबर शिवनीवर. एक बाई इकडे, एक तिकडे. लोकाईले जी डावीकडे दिसते ते डावी, जी उजवीकडे दिसते ते उजवी. नाव द्याची गरजच नाई, हाक कोनी मारतच नाई!"

माझी शिवण! जिच्यापायी मी तीन वर्षे मान खाली घालत होतो, तिच्यावर आता सगळे नाटक उभे राहणार होते. मी दांडीवर फुगलो ते फुगलोच.

ती एक ओळ लिहायची आणि पंचफुला विचारायची, "हे दिसते का?" दिसत असेल तर ओळ राहायची. 'उजवी एकटी पडली' असे कमलाने लिहिले, पंचफुलाने नकारार्थी मान हलवली, कमलाने खोडले आणि लिहिले, 'उजवी येते. आपल्या बाजूला बसते. डावी बाजू रिकामी.' 'तिला आठवण येते' गेले, त्या जागी आले, 'खुंटा खालून धरते.' आठवते, वाटते, समजते, असली सगळी क्रियापदे बाहेर! येते, बसते, धरते, थांबते, एवढीच आत. आणि सगळ्या हालचाली आडव्या, म्हणजे नाक, हात, वेणी वेगवेगळी दिसतील अशा. तोंड समोर करायचे नाही. माझ्या अगदी जवळ बसायचे, म्हणजे सावली खऱ्या माणसाएवढी आणि रेखीव पडते.

तिरडी काढून टाकली. डॉक्टरही गेला. धुरपता म्हणाली, "मंग मी मेली हे लोकाईले कसं समजन?" कारण डावी तीच होणार होती.

"रिकामी जागा दिसन न."

"ते त माहेरी गेली तरी दिसते."

बरोबर होते तिचे! डोमाजीला बसवून करून दाखवले, तर तोही म्हणाला, "पोरीहो, दुसरी बाई माहेरी गेली का? तिळसंक्रांतीले?"

कमलाने डोके धरले. मग पंचफुला हळूच म्हणाली, "दिवा ठेवा तिच्या जागेवर. जमिनीवर. मानूस गेल्यावर ठेवतात तसा. आमच्या घरी आता नाई करत, पन गावात त सगळ्याईले माहीत आहे."

डोमाजीने बत्तीसमोर पितळी परात आडवी धरली, म्हणजे माझ्यावर अंधार झाला. मग धुरपताच्या जागी माझ्या मागे एक पणती ठेवली. खादीच्या विणीतून तिचा एवढासा पिवळा ठिपका पुढच्या बाजूला उजळला. बस! कोणी हसले नाही, कोणी काही विचारले नाही. डोमाजी एकदम म्हणाला, "अरेरे." (पणती जरा जास्तच जवळ आली आणि माझी कड करपली, पण त्या 'अरेरे'साठी मी ते सोसले.)

आणखी एक गोष्ट कमलाला कळायला वेळ लागला. तिने आधी पणतीपासूनच सुरुवात केली होती. मग तिच्याच लक्षात आले, की जी बाई लोकांनी कधी पाहिलीच नाही, तिची जागा रिकामी झाली तर लोकांना काय! म्हणून आधी दोघींचे सुख लिहिले, आणि तेही घाई न करता. डावी आधी येते, उजवी आळस देत येते. डावी डाव्या हाताने मूठमूठ दाणे टाकते, दोघी ओढतात. उजवीला डुलकी लागते, डावी पिठाचा हात तिच्या नाकाला लावते. मग दुसरी सकाळ, तेच सगळे, फक्त आज उजवी टोपली पाठीमागे लपवते आणि डावी शोधते. "दाणे डावीच टाकते, हे लोकाईले पाठ झालं पाह्यजे," कमला म्हणायची. "पाठ झालं तरच चुकल्यासारखं वाटन."

जाते खरे आणले नाही. दगड कोण उचलणार? उपडी टोपली, वर खुंटा म्हणून रवीची दांडी उभी बांधलेली. सावलीला तेवढे पुरते. दाणे मात्र खरेच, ज्वारीचे. कारण मुठीतून पडणारा एकेक दाणा माझ्यावर दिसतो.

आणि शेवट. उजवी एकटी ओढते. वरून एकही दाणा पडत नाही. ती ओढतच राहते. थांबते. "किती वेळ थांबू?" पंचफुलाने विचारले. कमलाने वहीत लिहिले, 'बघणाऱ्यांना चुळबुळ होईपर्यंत. मग आणखी थोडे.' मग उजवी उठते, शिवण ओलांडून डावीकडे जाते, टोपली उचलते, आपल्या बाजूला आणून ठेवते. बसते. स्वतःच्या हाताने पहिली मूठ टाकते. ओढू लागते. परात आडवी. अंधार.

शनिवारी महादेवरावांनी बघितले. खुर्चीवरून उठले आणि माझ्या मागे येऊन त्या उपड्या टोपलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लेझीम नंतर." एवढेच! कमलाने उडी मारली ती थेट माझ्यावर, आणि माझी एक कडी तुटली.

पण संमेलनाला सगळ्या आया येणार होत्या. अनुसयाबाईही येणार होती. तिला या नाटकाचे काहीच माहीत नव्हते.

"मायनं ओळखलं त?" ती पंचफुलाला म्हणायची. "सगळ्या गावापुढं तिचं दुःख टांगलं असं वाटन तिले. मंग मी काय करू?"

"सांगून टाक आधी."

"सांगितलं अन् ते नोको म्हनाली त?"

आणि कमलाने सांगितले नाही.

संमेलनाचा दिवस उजाडला आणि मावळला. मला पाणी शिंपडून ओले केले होते, कारण ओल्या कापडातून उजेड जास्त झिरपतो. जानेवारीतली थंडी, अंगावर गार पाणी, आणि पाठीशी फुसफुसणारी गॅसबत्ती! पुढे अख्खे पटांगण. एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये, मागे ती पोरे. अनुसयाबाई बायांच्या पहिल्या ओळीत मांडी घालून बसली होती, डोक्यावर पदर, हात मांडीवर.

परात सरकली. जाते दिसले. डावी आली, उजवी आली. आणि मागून सुरू झाले, "आवाज! आवाज!"

सवयच ती! पंचफुलाचे खांदे आखडले, मला पाठीवर जाणवले. धुरपताचा हात दाण्यांच्या टोपलीत अडकला. मागल्या वर्षी ती इथूनच पळाली होती. पण तिने मूठ भरली, दाणे टाकले, आणि पिठाचा हात पंचफुलाच्या नाकाला असा काही लावला, की बाया फिसकन हसल्या. पोरे पुन्हा ओरडली, "आवाज!" तर बायांमधली एक म्हातारी मागे वळून म्हणाली, "चूप बसा रे! दयताना बोलतात काय?" मग सगळे पटांगण हसले आणि पोरांचा आवाज जिरला.

दुसरी सकाळ झाली. लपवलेली टोपली सापडली. परात आडवी आली.

अंधारात पणती दिसली.

मी इतका मोठा समुदाय इतका शांत झालेला कधी ऐकला नव्हता. परात सरकली. उजवी आली, आपल्या बाजूला बसली. खुंटा खालून धरला. अगदी खालून. ओढू लागली.

मी पहिल्या ओळीकडे बघत होतो. अनुसयाबाईने पदर सावरला नाही, डोळे पुसले नाहीत. तिचे मांडीवरचे हात तेवढे उलटे झाले, तळवे वर. वरून एकही दाणा पडला नाही. उजवी ओढतच राहिली, गोल, गोल, रिकामे जाते. मग थांबली. ठरल्याप्रमाणे थांबली, चुळबुळ होईपर्यंत. पण चुळबुळ होईचना! पंचफुला बसून राहिली आणि लोकही बसून राहिले.

आणि अनुसयाबाई उठली.

कमला बत्तीजवळ उभी होती. तिने आईला कडेने माझ्यामागे येताना पाहिले. डोमाजीने परात उचलली, पण कमलाने त्याचा हात धरला. का धरला, ते तिलाही सांगता आले नसते.

अनुसयाबाई कोणाकडे न बघता आली आणि धुरपताच्या रिकाम्या जागी, पणतीशेजारी, मला खेटून बसली. आता माझ्या डाव्या अंगावर तिची सावली होती. पदर, वाकलेली पाठ, पुढे आलेला हात. तिने खुंट्यावरची वरची जागा धरली. दुसऱ्या हाताने टोपलीतली मूठ भरली आणि हळूहळू सोडली. सगळ्या पटांगणाने एकेक दाणा पडताना पाहिला. पंचफुला एक क्षण दचकली, मग तिने खालून जोर लावला, आणि दोघी ओढू लागल्या.

कमलाच्या वहीत हे नव्हते. तिच्या ओठांवर आलेही होते, "माय, हे असं नाई आहे!" मी पाहिले. पण ती बोलली नाही, आणि माझ्या मते तिने त्या वर्षी लिहिलेल्यातले सगळ्यात चांगले तेच, जे तिने तिथे मधे पडून थांबवले नाही. कारण सावल्या फिरत होत्या आणि अनुसयाबाईचे खांदे हलू लागले होते, मोठीमाय गेल्यापासून पहिल्यांदा. पुढच्यांना वाटले, दळताना हलतात तसेच ते हलताहेत. माझ्यामागे असणाऱ्यांना दिसले, की तसे नव्हते.

मग कमलानेच परात आडवी धरली.

टाळ्या वाजल्या, त्याही जरा उशिरा. महादेवरावांनी तिथल्या तिथे जाहीर केले, की पुढल्या वर्षी संमेलनाची सुरुवात मुलीच करतील. मागची पोरे बाहेर पडताना एकमेकांच्या नाकाला धूळ लावत होती. पडद्यामागे मात्र कमला आईसमोर उभी होती, हात हलवणे विसरून.

"माय... तुले राग आला का?"

अनुसयाबाईने पदराने तोंड पुसले, लेकीकडे पाहिले आणि मग त्या उपड्या टोपलीकडे. म्हणाली, "रिकामं जातं काऊन फिरवून राह्यली व तुही मैत्रीन? गोटा झिजते न." मग जराशाने, खालच्या आवाजात, "सकाळी लवकर उठजो. टोपली तू घेजो."

मित्रांनो, तेव्हापासून मी सुखात आहे. दर वर्षी मला कपाटातून मानाने काढतात, वाळवतात, कडुनिंबाचा पाला घालून घडी करतात. कोणी माझ्या शिवणीला नावे ठेवत नाही. माझी काळजी घ्या असे मी तुम्हाला म्हणणार होतो, पण ती तर घेतली जाते! तेव्हा मागणे दुसरेच. तुमच्या घरात, शेजारी, वर्गात कोणी गप्प गप्प आपले काम ओढताना दिसले, तर त्याचे डोळे कोरडे आहेत म्हणून पुढे जाऊ नका. त्याचे हात बघा. कोणती जागा त्याने मोकळी सोडली आहे ते बघा. आणि काय बोलावे ते सुचत नसेल तर बोलू नका, नुसते समोर जाऊन बसा आणि एक मूठ टाका.